तेच २४ तास, दोन वेगळे आकडे: विस्मरण वक्राच्या प्रयोगाचं एक प्रकरण

मानसशास्त्राच्या एका पदव्युत्तर विभागात घडलेलं हे प्रकरण आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि गुणांचे आकडे पूर्णांकात दिले आहेत. प्रयोग साधाच होता. पण विसरणं हे वेळ गेल्यामुळे होतं की इतर शिकलेल्या गोष्टींच्या व्यत्ययामुळे, हा जुना वाद त्यात अनपेक्षितपणे समोर येऊन उभा राहिला.

पार्श्वभूमी

एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी विस्मरण वक्र पुन्हा काढून पाहायचं ठरवलं. मूळ वक्र हर्मान एबिंगहाउस यांचा, १८८५ सालचा. त्यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, ठरावीक काळाने पुन्हा पाठ केल्या आणि दुसऱ्या वेळी किती कष्ट वाचले ते मोजलं. ही बचत २० मिनिटांनंतर साधारण ५८ टक्के, एका तासाने ४४, एका दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५ आणि महिन्याभराने २१ टक्के भरली. सुरुवातीला कडेलोट आणि मग जवळजवळ सपाट रेषा, असा तो आकार पाठ्यपुस्तकांतून सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

विद्यार्थिनीने बचतीऐवजी थेट आठवण मोजायचं ठरवलं. प्रत्येक यादीत १२ जोड्या होत्या. डावीकडे निरर्थक अक्षरं आणि उजवीकडे रोजचं विशेषण: ‘ठूग – कोरडा’, ‘भेझ – उतावळा’, अशा. पडद्यावर आधी डावा भाग दोन सेकंद दिसे, मग पूर्ण जोडी दोन सेकंद. विशेषण दिसायच्या आत ते उच्चारायचं. प्रत्येक फेरीत जोड्यांचा क्रम बदलत असे, नाहीतर माणूस जोडी पाठ न करता नुसता क्रमच पाठ करतो. एका फेरीत बारापैकी बारा बरोबर आले की यादी ‘पाठ झाली’ असं धरायचं. ठरलेला काळ गेल्यावर फक्त डावे भाग दाखवायचे, प्रत्येकाला दहा सेकंद द्यायचे आणि बरोबर की चूक ते सांगायचं नाही.

आठ स्वयंसेवक होते आणि पाच कालावधी: २० मिनिटं, एक तास, एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. प्रत्येक कालावधीला नवी यादी होती. तीच यादी दोनदा विचारली तर पहिली चाचणी हीच एक उजळणी ठरते, त्यामुळे हा निर्णय योग्यच होता. दुसरा निर्णय मात्र कुणी घेतला असं म्हणताच येणार नाही, तो सोयीपोटी आपोआप झाला. सगळ्यांना याद्या एकाच क्रमाने मिळाल्या, सर्वांत लहान कालावधी आधी आणि सर्वांत मोठा शेवटी. एका यादीची चाचणी झाली की पुढची यादी सुरू व्हायची.

अडचण

पाच बिंदूंचा आलेख सुरेख आला. घसरण भरघोस होती आणि आकार पुस्तकातल्यासारखा. एवढ्यावर काम संपलं असतं, तर कुणाला शंकाही आली नसती.

पण एक दिवसाच्या चाचणीला तीन स्वयंसेवक उशिरा आले होते. २४ तासांऐवजी त्यांचे २८ तास झाले होते. मार्गदर्शक मॅडमनी त्या तीन नोंदी बाजूला ठेवायला सांगितल्या आणि पाचही याद्या संपल्यावर त्या तिघांकडून एक दिवसाची चाचणी नव्या, सहाव्या यादीवर पुन्हा करून घ्यायला सांगितली. या वेळी तिघेही घड्याळ लावल्यासारखे २४ तासांनी आले.

बारापैकी गुण असे होते. पहिल्या खेपेला, २८ तासांनी: ८, ९ आणि ८. दुसऱ्या खेपेला, २४ तासांनी: ५, ४ आणि ६.

वेळ चार तासांनी कमी आणि आठवणही ४० टक्क्यांनी कमी. स्मृतीचा ठसा वापराअभावी वेळेनुसार पुसट होत जातो, ही ऱ्हासाची कल्पना. थॉर्नडाइक यांनी २०व्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेल्या ‘अनुपयोगाच्या नियमा’तही तीच होती. नुसत्या ऱ्हासाने हे तीन आकडे समजावून सांगता येत नाहीत, कारण कमी वेळात जास्त पुसलं जायला वेळेपलीकडचं काहीतरी कारण लागतं.

विद्यार्थिनीचं पहिलं स्पष्टीकरण मानवी होतं. “मॅडम, तोवर तिघं कंटाळले असतील. लक्षच दिलं नसेल.”

“मग यादी पाठ व्हायला त्यांना जास्त फेऱ्या लागायला हव्या होत्या,” मॅडम म्हणाल्या. “तुझ्या नोंदी बघ. पहिल्या यादीला १४–१५ फेऱ्या लागल्यात आणि सहाव्या यादीला नऊ–दहा. शिकायला ते तरबेज झालेत. आठवायला मात्र मागे पडलेत.”

मॅडमनी मग उत्तरपत्रिकांतल्या चुका पाहायला सांगितल्या. तोवर फक्त बरोबर उत्तरं मोजली गेली होती. तिघांपैकी एकाने ‘ढेम’ समोर ‘कोरडा’ लिहिलं होतं. सहाव्या यादीत ‘कोरडा’ हा शब्दच नव्हता. तो पहिल्या यादीतला होता, दोन आठवड्यांपूर्वीचा. तिघांच्या उत्तरांत असे आधीच्या याद्यांमधून घुसलेले शब्द मिळून सहा निघाले. जो ठसा पुसट व्हायला हवा होता, तोच आगंतुकासारखा मध्ये येत होता.

आता पाच बिंदूंच्या मूळ आलेखाचाही अर्थ बदलला. सहा दिवसांचा बिंदू खाली होता, पण त्या वेळी प्रत्येकाच्या डोक्यात आधीच्या चार याद्या होत्या. २० मिनिटांच्या बिंदूच्या वेळी एकही नव्हती. घसरण वेळेमुळे की साचलेल्या याद्यांमुळे, हे या मांडणीतून वेगळं काढताच येत नव्हतं.

आधीचं संशोधन काय सांगत होतं

हा पेच नवा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बेन्टन अंडरवुड यांच्यापुढे १९५७ साली तो जरा मोठ्या आकारात होता. एबिंगहाउस २४ तासांत सुमारे ६५ टक्के विसरत होते, आणि पहिल्यांदाच प्रयोगशाळेत आलेले विद्यार्थी तेवढ्याच काळात साधारण २५ टक्के. अंडरवुड यांनी वेगवेगळ्या प्रकाशित प्रयोगांचे २४ तासांनंतरचे आकडे एकाच आलेखावर मांडले. आडव्या अक्षावर त्यांनी वेळ घेतली नाही, कारण ती सगळीकडे सारखीच होती. त्यांनी घेतली सहभागींनी आधी पाठ केलेल्या याद्यांची संख्या. आधीची एकही यादी नसेल तर तीन चतुर्थांशाच्या आसपास आठवत होतं आणि वीसेक याद्या झालेल्या असतील तर साधारण पाव हिस्सा. वर्षानुवर्षं याद्या पाठ करणारे एबिंगहाउस त्या आलेखाच्या अगदी टोकाला बसतात. त्यांचा वक्र इतका खडा असण्याचं एक मोठं कारण त्यांचा स्वतःचा प्रयोगच होता.

आधी शिकलेलं नंतरच्याला नडतं, त्याला पुरोगामी व्यत्यय म्हणतात. नंतर शिकलेलं आधीच्याला नडलं तर तो प्रतिगामी व्यत्यय. अंडरवुड यांच्याआधी संशोधकांचं लक्ष मुख्यतः दुसऱ्या प्रकारावर होतं. जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांच्या १९२४ च्या प्रयोगात दोन विद्यार्थ्यांनी दहा निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्या. आठ तास झोपेत गेले तर निम्म्याच्या आसपास अक्षरं आठवली आणि आठ तास जागेपणी गेले तर जेमतेम एखादं. १९३२ मध्ये मॅकगिओक यांनी यावर तात्त्विक बोट ठेवलं: लोखंड काळाच्या ओघात गंजतं, पण गंज चढवतो तो प्राणवायू, काळ नव्हे.

पर्याय

मॅडम, विद्यार्थिनी आणि संख्याशास्त्र शिकवणारे एक सर यांची बैठक झाली आणि तिथे चार वाटा पुढे आल्या.

पहिली, त्या तीन नोंदी वगळून मूळ आलेख तसाच ठेवायचा. मुदत जवळ आली होती, त्यामुळे ही वाट मोहात पाडणारी होती. पण तसं केलं असतं तर उरलेल्या आलेखावर विश्वास ठेवायला काही कारणच उरलं नसतं, कारण दोष त्या तीन नोंदींत नव्हता, क्रमात होता.

दुसरी वाट विद्यार्थिनीने सुचवली: पाचही कालावधी ठेवायचे, पण प्रत्येकाला ते वेगळ्या क्रमाने द्यायचे. मॅडमचा आक्षेप असा की क्रम फिरवल्याने व्यत्यय नाहीसा होत नाही, तो पाचही बिंदूंवर सारखा पसरतो. आलेखाचा आकार न्याय्य होईल, पण एकूण पातळी खालीच राहील आणि कारण झाकलेलंच राहील.

तिसरी, प्रत्येक माणसाला आयुष्यात एकच यादी आणि एकच चाचणी. सर्वांत स्वच्छ आणि सर्वांत महाग. पाच कालावधींसाठी पाच वेगळे गट लागले असते आणि तेवढे स्वयंसेवक मिळणं अशक्य होतं.

चौथी वाट सरांची. “तुम्हाला खरंच पाच बिंदू हवेत का? तुमचा प्रश्न आता वक्राचा राहिलेला नाही. वेळ स्थिर ठेवून याद्या वाढवा, आणि याद्या स्थिर ठेवून वेळ वाढवा. दोन गट पुरतात.”

हा या प्रकरणातला खरा निर्णय. ही वाट घ्यायची तर प्रबंधाचा विषयच बदलणार होता. विद्यार्थिनी दोन दिवस विचार करून चौथ्या वाटेवर आली. सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती तिला पटली: पाच बिंदूंतून घातांकी रेषा आणि लघुगणकी रेषा यांच्यात निवड करता येत नाही. दोन्ही चांगल्याच बसतात. त्यामुळे पाच बिंदू सोडले तर फार काही हातचं जाणार नव्हतं.

कृती

नवे वीस स्वयंसेवक घेतले. इथे एक बारकावा वेळीच लक्षात आला. विभागातले विद्यार्थी एकमेकांच्या प्रयोगांत बसतात, म्हणजे ‘नवा’ माणूसही आधीच दहा याद्या पाठ करून आलेला असू शकतो. म्हणून वीसही जण दुसऱ्या विभागांतून घेतले आणि असा कुठलाच प्रयोग आधी केलेला नाही, हे विचारून नोंदवलं.

पहिल्या गटातल्या दहा जणांनी दिवसाआड एक अशा सहा याद्या पाठ केल्या आणि प्रत्येक यादीची चाचणी २४ तासांनी दिली. त्यांची पहिली यादी हीच ‘आधी काहीही नाही’ ही स्थिती होती, म्हणून त्यासाठी तिसरा गट लागला नाही. दुसऱ्या गटातल्या दहा जणांनी एकच यादी पाठ केली आणि तिची चाचणी सहा दिवसांनी दिली.

मधल्या वेळात कुणी यादी घोकू नये म्हणून ‘यानंतर नवी यादी शिकायची आहे’ एवढंच सांगितलं. चाचणीनंतर मात्र प्रत्येकाला स्पष्ट विचारलं. घोकल्याचं कबूल करणारे दोघे निघाले, त्यांच्या जागी दुसरे घेतले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सुरुवातीच्या बिंदूवर. बारापैकी बारा आलेली पहिली फेरी ही थोडी नशिबाचीही असते. लगेच पुढची फेरी घेतली तर एखादी जोडी निसटतेच. शिवाय सरावलेला माणूस कमी फेऱ्यांत पोचतो, म्हणजे त्याला त्या जोड्या कमी वेळा दिसलेल्या असतात. मग त्याची यादी मुळातच कच्ची राहिली, असं कुणीही म्हणू शकतं, आणि तो आक्षेप खोडता आला नाही तर पुढचा सगळा युक्तिवाद लटका पडतो. फेऱ्या सर्वांना सारख्या ठेवल्या असत्या तर उलटी अडचण आली असती, सरावलेले लोक जास्त पक्कं शिकले असते. म्हणून कसोटी तीच ठेवली, पण यादी पाठ झाल्यावर दोन मिनिटांनी, उत्तर न दाखवता, एक जादा फेरी घेतली. पहिल्या यादीवर या फेरीत सरासरी ११ आले, सहाव्या यादीवरही ११. दोन्ही याद्यांची सुरुवात एकाच उंचीवरून होत होती.

निष्पत्ती

२४ तासांनंतर पहिल्या गटाला पहिल्या यादीतले सरासरी नऊ शब्द आठवले, तिसऱ्या यादीतले सात आणि सहाव्या यादीतले पाच. वेळ सहाही वेळा तीच होती. दुसऱ्या गटाला, एकच यादी शिकून, सहा दिवसांनंतर सात आठवले. म्हणजे सरावलेल्या माणसाच्या एका दिवसापेक्षा नवख्या माणसाचे सहा दिवस बरे.

इथे एक प्रश्न उरतो. आधीच्या पाच याद्या जर इतक्या नडतात, तर सहावी यादी पाठ होताना आणि दोन मिनिटांनंतर त्या का नडल्या नाहीत? याचं चांगलं उत्तर असं की तेव्हा सहावी यादी मिनिटांपूर्वीची असते आणि पाचवी दोन दिवसांपूर्वीची. ‘आत्ताची’ आणि ‘आधीची’ यांतला फरक ढळढळीत असतो. एका दिवसानंतर एक यादी कालची आणि दुसरी तीन दिवसांपूर्वीची होते. अंतर तेवढंच असूनही ओळख धूसर होते, दोन्ही ‘मागच्या कधीतरीच्या’ वाटू लागतात आणि एकाच तऱ्हेचे शब्द एकमेकांच्या जागी यायला लागतात. म्हणजे वेळेचा सहभाग आहेच. पण तो ठसा झिजवण्याचा नाही, व्यत्ययाला वाव देण्याचा आहे. व्यत्यय की ऱ्हास असा सरळ सामना लावला की हा भाग हमखास सुटतो.

चुकांचीही मोजदाद झाली. सहाव्या यादीवर न जमलेल्या उत्तरांपैकी साधारण एक चतुर्थांशात आधीच्या याद्यांमधला शब्द होता. काहींत त्याच यादीतला शब्द चुकीच्या जागी होता. पण निम्म्याहून जास्त जागा कोऱ्या होत्या. ही गोष्ट व्यत्ययवाद्यांनी झाकून ठेवू नये. केवळ चुकीचा शब्द आडवा आला म्हणून विसरलं असतं, तर कोऱ्या जागा इतक्या नसत्या. मेल्टन आणि अर्विन यांना १९४० मध्ये प्रतिगामी व्यत्ययाच्या प्रयोगात हीच विसंगती दिसली होती. घुसखोर शब्द कमी झाले तरी विसरणं कमी होत नव्हतं, म्हणून स्पर्धेखेरीज आणखी एखादं कारण मानावं लागलं.

शेवटी पहिल्या गटाला सहाव्या यादीची बाराही विशेषणं एका कागदावर देऊन योग्य अक्षरांशी जुळवायला सांगितलं. पाच आठवणाऱ्यांनी सरासरी आठ जुळवले. दुसऱ्या गटाने आपल्या एकमेव यादीवर सातवरून नऊ. हरवले वाटणारे काही शब्द होतेच, नुसते हाताला लागत नव्हते. मात्र जुळवाजुळव ही मुळातच सोपी चाचणी असते आणि शेवटच्या दोन-तीन जोड्या उरल्यासुरल्यावरूनही लावता येतात, त्यामुळे या आकड्यांवर फार भार टाकला नाही.

आणि ऱ्हासाचं काय? दुसऱ्या गटाच्या डोक्यात प्रयोगशाळेतली एकही दुसरी यादी नव्हती, तरी तो सहा दिवसांत ११ वरून सातवर आला. हा ऱ्हास म्हणता येईल का? सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही, कारण ते सहा दिवस रिकामे नव्हते. माणूस बोलला, वाचला, शेकडो विशेषणं वापरून गेला. अंडरवुड आणि पोस्टमन यांनी १९६० मध्ये असा बाहेरचा व्यत्यय हेच उरलेलं कारण मानलं होतं, पण त्यातून निघणाऱ्या अपेक्षा पुढच्या चाचण्यांत फारशा टिकल्या नाहीत. झोपेचा आधार घ्यावा तर झोप ही नुसती शांतता नसते, त्या काळात ताजी स्मृती पक्कीही होत असते. प्रबंधात म्हणून एवढंच लिहिलं गेलं की गुणांतला मोठा फरक आधीच्या याद्यांनी समजतो आणि उरलेल्या घसरणीचं कारण या मांडणीतून सांगता येत नाही. परीक्षकांनी ‘मग ऱ्हास नाहीच का?’ असं विचारलं तेव्हाही विद्यार्थिनीने ते वाक्य सोडलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

क्रमाचा दोष पहिल्याच दिवशी पकडता आला असता. प्रत्येक स्वयंसेवकाच्या नोंदीत ‘ही त्याची कितवी यादी’ असा एक रकाना असता, तर वेळ आणि यादीचा क्रमांक हे दोन रकाने हातात हात घालून वाढताहेत हे नुसतं बघूनही कळलं असतं. तो रकाना दुसऱ्या टप्प्यात आला.

पहिल्या गटाची जुळवण्याची चाचणी फक्त सहाव्या यादीवर घेतली. ती पहिल्या यादीवरही हवी होती. पण पहिल्या यादीचे शब्द पुन्हा दाखवले असते तर ते आणखी पक्के होऊन पुढच्या याद्यांना जास्त नडले असते. याला सोपी तोड नव्हती, त्यासाठी एक वेगळा छोटा गट लागला असता.

सहाही याद्या एकाच साच्याच्या होत्या. सातवी यादी पूर्ण वेगळ्या सामग्रीची, म्हणजे चित्रं आणि आकडे यांच्या जोड्यांची दिली असती, तर एक निर्णायक तपासणी झाली असती. आठवण पुन्हा वर आली तर साम्यातून येणाऱ्या व्यत्ययाला बळ मिळालं असतं. वर आली नसती, तर सहा याद्यांचा थकवा किंवा कंटाळा हे विद्यार्थिनीचं पहिलं स्पष्टीकरण पुन्हा उघडावं लागलं असतं. फेऱ्यांच्या संख्येवरून मॅडमनी ते बाजूला सारलं होतं खरं, पण तो पुरावा शिकतानाच्या लक्षाचा होता. २४ तासांनी उत्तरं देतानाच्या लक्षाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

पहिल्या टप्प्यातला पाच बिंदूंचा आलेख प्रबंधाच्या परिशिष्टात ठेवला आहे. त्याच्या आडव्या अक्षाखाली आता दोन ओळी आहेत. वरच्या ओळीत गेलेला वेळ, खालच्या ओळीत आधीच्या याद्यांची संख्या: ०, १, २, ३, ४.